शिष्यवृत्तीच्या अर्जातला ‘माझी परिस्थिती’ हा निबंध कसा तपासला जातो

महाडीबीटी पोर्टलवरच्या सरकारी शिष्यवृत्त्यांना निबंध लागत नाही. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचंच घ्या. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्याचा दाखला आणि बाकीच्या अटी जुळल्या की अर्ज पुढे सरकतो, परिस्थिती कशी आहे ते कुणी लिहायला सांगत नाही. निबंध मागतात त्या खासगी ट्रस्टच्या शिष्यवृत्त्या. कोल्हापुरातल्या अशा एका ट्रस्टसाठी मी गेली काही वर्षं निबंध वाचतो. अर्ज नेमका कुठे अडतो हे मुलांना कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

पात्रता सोपी आहे. विद्यार्थी जिल्ह्यातला हवा, मागची परीक्षा उत्तीर्ण हवा आणि उत्पन्न जाहिरातीत दिलेल्या मर्यादेत हवं. कागदपत्रंही नेहमीचीच: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, कॉलेजचं बोनाफाईड, मागच्या वर्षाची गुणपत्रिका, शिधापत्रिकेची झेरॉक्स आणि विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचं बँक पासबुक. उत्पन्नाच्या दाखल्यावरची मुदत तेवढी बघून घ्या. ती बहुधा ३१ मार्चला संपते आणि जूनमध्ये जुना दाखला जोडलेले अर्ज दरवर्षी येतात.

छाननीत टिकलेल्या अर्जांचेच निबंध आमच्याकडे येतात. प्रत्येक निबंध दोघं जण वेगवेगळे वाचतात आणि २० पैकी गुण देतात. त्यातले १० गुण फक्त तपशिलाचे असतात. दोघांच्या गुणांत ५ पेक्षा जास्त फरक पडला तर तिसरा वाचक बसतो. शुद्धलेखनाला गुण नाहीत. दुःख किती मोठं यालाही गुण नाहीत. वडील वारलेल्या मुलाला जास्त आणि नुसतं कर्ज असलेल्याला कमी, असं मोजायला लागलो तर आम्ही मुलांना जखमा उघड्या करून दाखवायला लावू. घरातलं आजारपण, भांडण, व्यसन असं काही लिहायचं नसेल तर लिहू नका, त्याचे गुण जात नाहीत.

तपशील म्हणजे काय, ते एका निबंधावरून सांगतो. पंचगंगेकाठच्या एका गावातल्या मुलीचा निबंध होता, ओळख पटू नये म्हणून किरकोळ गोष्टी बदलल्या आहेत. सुरुवात अशी होती: ‘२०१९ च्या महापुराने आमचे सर्वस्व हिरावून नेले. आम्ही अक्षरशः रस्त्यावर आलो. पण मी परिस्थितीपुढे हार मानली नाही. रात्रीचा दिवस करून अभ्यास केला.’

यातलं एक अक्षरही खोटं नसेल. आपल्याकडे पूर आला होता हे कुणी सांगायला नको. पण नाव झाकून ही चार वाक्यं वाचली तर ती चिखलीची, शिरोळची की सांगलीची, काही कळत नाही. आम्ही हीच कसोटी लावतो: नाव झाकायचं आणि हे वाक्य शेजारच्या अर्जात जसंच्या तसं चिकटवता येतं का ते बघायचं. चिकटलं तर त्या वाक्याला गुण नाही. मुलांना दोष देत नाही. ‘हलाखीची परिस्थिती’, ‘अठराविश्वे दारिद्र्य’, ‘दोन वेळच्या जेवणाची भ्रांत’ हे शब्द शाळेच्या निबंधातूनच हाताला लागलेले असतात आणि अर्जावर लिहिताना तेच आधी आठवतात.

आकडा घातला की तपशील झाला, असंही नाही. राजाराम बंधाऱ्याजवळची धोका पातळी ४३ फूट आहे आणि पाणी कितीतरी वर गेलं होतं, असं पुष्कळजण लिहितात. तो आकडा पेपरातला आहे. त्यातून नदी कळते, लिहिणाऱ्याचं घर कळत नाही.

त्याच मुलीच्या निबंधात दुसऱ्या पानावर, मधेच, हे आलं: ‘पाणी चढायला लागल्यावर वडिलांनी दोन्ही म्हशी पाहुण्यांच्या गावाला नेल्या. परत आणल्या तेव्हा एक आटली होती, ती विकली. डेअरीचं दहा दिवसांचं बिल ३,६०० वरून १,८०० वर आलं. पेंडीची उचल मात्र आधीचीच होती, तिचे ६०० तेवढेच कापायचे. माझी क्लासची फी त्या बिलातून जायची. मी आठवीत क्लास सोडला आणि शेजारच्या ताईकडे बसायला लागले.’

इथे मी पेन खाली ठेवलं. हातात ३,००० यायचे ते १,२०० यायला लागले. म्हणजे दूध निम्मं झालं, पण घरातला पैसा निम्म्याहूनही कमी झाला, कारण उचल काही निम्मी झाली नव्हती. ज्याच्या घरी दुधाचं बिल येतं त्यालाच हे सुचतं. त्यातून एक निर्णय निघाला, क्लास सोडण्याचा, आणि तो कुणी, कधी घेतला हेही कळलं. घटना, तिचा घरातल्या पैशावर झालेला परिणाम आणि त्यावर मुलानं स्वतः काय केलं, ही साखळी सापडली की १० पैकी ७-८ गुण सहज पडतात. रडण्याचा एकही शब्द त्यात नव्हता.

पहिल्या परिच्छेदापुरते मी २ गुण धरले होते, या भागामुळे तपशिलाचे एकूण ८ दिले. दुसऱ्या वाचकानं मात्र ४ दिले, कारण पहिलं पान वाचूनच त्याचं मत झालं होतं. फरक ४ चा, म्हणून तिसरा वाचक बसला नाही आणि सरासरी ६ झाली. वाचणारा शेवटपर्यंत सारख्या लक्षानं वाचतोच असं नाही. म्हणून खरी गोष्ट दुसऱ्या पानावर ठेवू नका, पहिल्या ओळीतच म्हशी येऊ द्या.

वाचकाचं अज्ञानही आड येतं. इचलकरंजीच्या एका मुलानं लिहिलं होतं की वडील मागावर आहेत, मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर मिळते आणि वीज गेली की पाळी भरते पण मीटर भरत नाही. मला ते कोरडं वाटलं, मी ३ दिले. दुसऱ्या वाचक बाईंचं माहेर यंत्रमागवाल्यांचं, त्यांनी ९ दिले. तिसरा वाचक बसला आणि त्यानं बाईंची बाजू घेतली. बारा तास उभं राहूनही पगार कमी का येतो, हे त्या एका वाक्यात होतं आणि मला ते दिसलं नव्हतं. तेव्हापासून वेगवेगळ्या तालुक्यांतले, वेगवेगळ्या धंद्यांची माहिती असलेले वाचक घ्यायचं ठरलं. तुम्ही लिहिताना मात्र समोरच्याला काही माहीत नाही असं धरून एक वाक्य जास्त लिहा: उचल म्हणजे काय, मीटर कसा मोजतात.

निबंध आणि दाखला शेजारी ठेवून वाचले जातात. दाखल्यावरची रक्कम वर्षाची आणि बऱ्याचदा ढोबळ असते हे आम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे दुधाच्या बिलाशी ती रुपयात जुळावी अशी अपेक्षा नसते. पण ‘घरात कमावतं कुणीच नाही’ असं लिहून वडिलांच्या नोकरीच्या उत्पन्नाचा दाखला जोडला असेल तर शंका येते. कुणीतरी लिहून दिलेला तपशीलही ओळखू येतो. त्यात एकच आकडा झळकतो आणि त्याच्या मागचं-पुढचं काही जुळत नाही.

अशा शंका मुलाखतीत फेडल्या जातात. त्या मुलीला आम्ही विचारलं, आता बिल किती येतं? तिनं पिशवीतून डेअरीचं कार्ड काढलं आणि गेल्या दहा दिवसांतलं सकाळ-संध्याकाळचं लिटर आणि फॅट वाचून दाखवलं. मुलाखतीला येताना असा एखादा कागद जवळ ठेवा. अर्जाला जोडायची गरज नाही.