देवनागरी पीडीएफमधील जोडाक्षरे व मात्रांची मोडतोड

देवनागरी मजकुराची पीडीएफ करताना किंवा पीडीएफमधून मजकूर उचलताना जोडाक्षरे सुटी पडतात, वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते आणि रफार एक अक्षर पुढे सरकतो. या एकाच तक्रारीमागे दोन वेगळे दोष असतात. पहिल्यात पानच चुकीचे दिसते. दुसऱ्यात पान छान दिसते, छापूनही नीट येते, पण कॉपी करून दुसरीकडे डकवले की ‘कार्यकर्ते’चे ‘कायर्कतेर्’ होते. दोन्हींचे उपाय वेगळे असल्यामुळे आधी दोष कुठला ते ओळखावे लागते.

पान चुकीचे दिसत असेल, म्हणजे ‘शक्ती’तला क पाय मोडून त च्या शेजारी सुटा उभा असेल किंवा ‘नि’ची वेलांटी न च्या उजवीकडे गेली असेल, तर पीडीएफ बनवणाऱ्या प्रोग्रामने अक्षरजुळणी केलेलीच नाही. युनिकोडमध्ये वेलांटी नेहमी व्यंजनानंतर साठवतात. ती डावीकडे आणणे, क् आणि त यांचे जोडाक्षर करणे, र् चा रफार करून डोक्यावर बसवणे ही कामे फॉन्टमधले नियम वाचणाऱ्या जुळणी-इंजिनाची असतात. हार्फबझ हे त्यातले सर्वांत प्रचलित इंजिन. एफपीडीएफ किंवा जेएसपीडीएफसारख्या लायब्ररी हे काम करत नाहीत, त्या प्रत्येक कोडासाठी एक आकृती ओळीत ठेवून मोकळ्या होतात. म्हणून बिले, दाखले, गुणपत्रिका वेबसाइटवरून तयार होतात तिथे हा दोष हमखास दिसतो. अशा वेळी फॉन्ट बदलत बसण्यात अर्थ नाही, लायब्ररी बदलावी. वीझीप्रिंट जुळणीसाठी पँगो आणि हार्फबझ वापरते. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर लावला की तोच दोष जातो. काही जण वेलांटी आधी आणि व्यंजन नंतर टाइप करून पान ‘दुरुस्त’ करतात. हा उपाय रोगापेक्षा वाईट, कारण त्याने मूळ मजकूरच कायमचा बिघडतो.

दुसरा दोष अधिक फसवा आहे. पीडीएफ फाइलमध्ये अक्षरे नसतात, फॉन्टमधल्या आकृत्यांचे क्रमांक असतात, आणि तेही जुळणी झाल्यानंतरच्या क्रमाने. कॉपी करताना वाचक-प्रोग्राम ToUnicode नावाची तक्ती पाहून प्रत्येक आकृतीचे कोड परत मिळवतो. एका आकृतीला अनेक कोड देता येतात, त्यामुळे ‘त्र’ या एका आकृतीवरून त, हलन्त आणि र मिळू शकतात. मात्र आकृत्यांचा क्रम उलटवण्याची सोय या तक्तीत नाही. ‘निर्मिती’ या शब्दाचे पाहा. तो न, ि, र, ्, म, ि, त, ी असा साठवलेला असतो. पानावर आकृत्या डावीकडून येतात त्या वेलांटी, न, वेलांटी, म, रफार, त, ी अशा. त्या जशाच्या तशा उचलल्या की ‘िनिमर्ती’ मिळते. पहिली वेलांटी निराधार होऊन ठिपक्यांच्या वर्तुळावर बसते, दुसरी न ला चिकटते आणि म वरचा रफार ‘ती’वर जातो. तक्तीत एखाद्या जोडाक्षराची नोंदच नसेल, तर ते अक्षर गळते किंवा त्या जागी चौकोन येतो.

यावरचा खरा उपाय पीडीएफ बनवतानाच करायचा असतो. पीडीएफमध्ये एखाद्या तुकड्यामागे त्याचा मूळ मजकूर लपवून ठेवता येतो. ‘निर्मिती’साठी ती नोंद अशी दिसते:

```
/Span <</ActualText
<FEFF0928093F0930094D092E093F09240940>>> BDC
```

वाचक-प्रोग्रामने ही नोंद मानली तर आकृत्यांचा क्रम काहीही असो, हाती मूळ शब्दच येतो. सगळेच वाचक-प्रोग्राम ती मानत नाहीत. एकाच फाइलमधून दोन ठिकाणी वेगवेगळा मजकूर निघतो तो बहुधा त्यामुळेच. लिबरऑफिसच्या अलीकडच्या आवृत्त्या ही नोंद स्वतःहून घालतात. झीलाटेकमध्ये मात्र ती मागावी लागते:

```
\XeTeXgenerateactualtext=1
```

फाइल दुसऱ्याने बनवलेली असेल आणि मूळ दस्तऐवज मिळणार नसेल, तर आधी `pdffonts` ही आज्ञा चालवून `uni` हा रकाना पाहावा. तिथे `no` असेल तर बहुधा तक्तीच नाही, आणि मजकूर उचलण्याची धडपड सोडून टेसरॅक्टसारख्या ओसीआरला `-l mar` देऊन पान नव्याने वाचून घेणे बरे. उचललेल्या मजकुरात रोमन अक्षरांची गिचमिड आली, तर फाइल युनिकोडपूर्व फॉन्टातली आहे. तिथे त्या त्या फॉन्टचा परिवर्तकच लागतो, खालील उपाय चालत नाही.

तक्ती असेल आणि फक्त क्रम बिघडला असेल, तर पायथनच्या दोन ओळी बरेच काम करतात, त्यांत `s` म्हणजे उचललेला मजकूर:

```python
import re
s = re.sub(r'ि((?:[क-ह]़?्)*[क-ह]़?)', r'\1ि', s)
s = re.sub(r'((?:[क-ह]़?्)*[क-ह]़?[ा-ौ]?)र्', r'र्\1', s)
```

पहिली ओळ प्रत्येक वेलांटी पुढच्या अक्षरापलीकडे नेते, म्हणून ‘िनिमर्ती’चे ‘निमिर्ती’ होते. दुसरी ओळ रफार एक अक्षर मागे आणते आणि ‘निर्मिती’ पूर्ण होते. ‘कायर्कतेर्’चे ‘कार्यकर्ते’ही याच ओळीने होते. या ओळी एकदाच आणि पूर्ण बिघडलेल्या मजकुरावरच चालवाव्यात. नीट असलेल्या ‘कार्यकर्ते’वर दुसरी ओळ चालवली तर ‘र्काय’ अशी सुरुवात होऊन शब्द मोडतो. ज्या फाइलमध्ये काही भागाला मूळ मजकुराची नोंद आहे आणि काहीला नाही, तिथे परिच्छेद निवडूनच दुरुस्ती करावी लागते. शब्दाच्या सुरुवातीला वेलांटी किंवा शेवटी ‘र्’ दिसणे ही बिघाडाची चांगली खूण, कारण शुद्ध मराठीत पहिली घडत नाही आणि दुसरी क्वचितच घडते.

मराठीपुरती एक अडचण मात्र उरतेच. ‘दऱ्या’मधला अर्धा र रफारासारखा उडी मारत नाही, तो य च्या आधी, आपल्या जागीच छापला जातो. तो ऱ आणि हलन्त असा साठवतात किंवा र, हलन्त आणि अदृश्य जोडखूण असा. मजकूर उचलताना ही जोडखूण अनेकदा गळते किंवा ऱ चा टिंब नाहीसा होतो, आणि डोंगरातल्या ‘दऱ्या’ समुद्राचा ‘दर्या’ होऊन बसतात. गंमत अशी की बिघडलेल्या मजकुरात हे दोन शब्द अजून वेगळे असतात. ‘दऱ्या’ तिथे ‘दर्या’ म्हणून येतो, तर खरा ‘दर्या’ हा ‘दयार्’ म्हणून. वरची दुसरी ओळ ‘दयार्’ बरोबर सुधारते, पण ‘दर्या’चे ‘र्दया’ करते. म्हणून ती चालवण्यापूर्वी ‘र्य’ आणि ‘र्ह’ असलेले शब्द शोधून तिथे ऱ घालून ठेवावा: कोडांच्या या पल्ल्यात ऱ वेगळे अक्षर आहे, त्यामुळे त्याला रफाराची ओळ लागू होत नाही. पण हे काम आंधळेपणाने करता येत नाही. ‘धर्मयुद्ध’ बिघडल्यावर ‘धमर्युद्ध’ होते, आणि त्यातही ‘र्य’ दिसतो, तो मात्र म वरचा रफारच असतो.