भरताड (व्हिडिओ गेम)

गेमचे तास वाढावेत म्हणून घातलेली, पण खेळणाऱ्याकडून नवे काहीच न मागणारी कामे म्हणजे भरताड. खेळणारे त्याला फिलर म्हणतात. नकाशाभर विखुरलेली पिसे, झेंडे आणि पेट्या, त्याच त्या छावण्या, ‘अमुक दहा आणून दे’ छापाची उपकथानके ही त्याची नेहमीची रूपे. मात्र एखादी गोष्ट संख्येने जास्त आहे एवढ्यावरून ती भरताड ठरत नाही. तेच काम पाचव्यांदा करताना वेगळा विचार करावा लागतो का, आणि ते टाळून पुढे जाता येते का, हे दोन प्रश्न विचारले की बहुतेक वेळा निवाडा होतो.

भरताड कसे जन्माला येते याचे सर्वांत बोलके उदाहरण २००२ साली जपानमध्ये आलेल्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा: द विंड वेकर’ या गेममध्ये सापडते. कथा शेवटाकडे आली की नायकाला ट्रायफोर्स या जादुई वस्तूचे आठ तुकडे समुद्रातून काढावे लागतात. प्रत्येक तुकड्यासाठी आधी एक नकाशा मिळवायचा. तो वाचता येत नाही, म्हणून टिंगल नावाच्या पात्राकडे जाऊन ३९८ रुपी (हे त्या जगातले चलन) मोजायचे. मग वाऱ्याची दिशा बदलून होडी हाकत दाखवलेल्या जागी जायचे आणि यारी खाली सोडून तुकडा वर ओढायचा. असे आठ वेळा. नुसत्या वाचनावळीचेच ३,१८४ रुपी होतात. तेवढे जवळ नसतील तर त्यासाठी आणखी भटकंती. बरे, हे ऐच्छिक नाही. आठही तुकडे हाती आल्याशिवाय गेम संपत नाही.

यामागे लबाडी नव्हती, वेळ कमी पडला होता. मुदत गाठण्यासाठी नियोजित भुयारांपैकी काही वगळावी लागली, हे दिग्दर्शक एजी आओनुमा यांनी पुढे मान्य केले. भुयार म्हणजे नवी कोडी, नवे शत्रू, नवी रचना आणि त्या सगळ्याची महिनोन्‌महिने चाचणी. त्याउलट समुद्र आधीच तयार होता, होडी आणि यारीही होती. आहे त्याच साहित्यावर तास वाढवणे हा सर्वांत स्वस्त मार्ग असतो आणि बहुतेक भरताडाचे मूळ इथेच असते.

२०१३ साली वी यू यंत्रासाठी हा गेम पुन्हा आला, तेव्हा केलेली दुरुस्ती या विषयातला उत्तम धडा आहे. आठपैकी पाच ठिकाणी नकाशाऐवजी थेट तुकडाच ठेवला, त्यामुळे टिंगलची फी आणि यारीची फेरी फक्त तीनदा उरली. शिवाय वाऱ्याची दिशा बदलावी न लागणारे वेगवान शीड दिले. नकाशे ज्या बेटांवर आणि गुहांत लपवले होते, तिथली आव्हाने मात्र तशीच ठेवली, कारण ती एकमेकांहून वेगळी होती. खोली कुठे होती आणि पाणी कुठे घातले होते, हे निर्मात्यांनी स्वतःच अशा प्रकारे वेगळे करून दाखवले.

संख्या फसवी असते हे त्याच मालिकेतल्या २०१७ च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’वरून कळते. त्यात ९०० कोरोक बिया आहेत. आकडा ऐकून धडकी भरते, पण सामान ठेवण्याची सगळी जागा वाढवायला ४४१ पुरतात आणि कथा संपवायला एकही लागत नाही. सगळ्या ९०० गोळा करणाऱ्याला बक्षीस म्हणून जवळपास काहीच मिळत नाही. बी ही वाटेत सहज दिसलेल्या विचित्र दगडाची किंवा एकाकी झाडाची दखल घेतल्याची पावती आहे. तीच बी यादी करून शोधायला गेलात तर ती भरताड होते. तो दोष गेमपेक्षा खेळण्याच्या पद्धतीचा.

भरताडाचे दुसरे कारण बाजाराचे. गेमची किंमत बरीच असते आणि गिऱ्हाईक तासांचा हिशेब करते, म्हणून तास हीच जाहिरात होते. जानेवारी २०२२ मध्ये ‘डाइंग लाइट २’ पूर्णपणे संपवायला ५०० तास लागतील असे निर्मात्यांनी मिरवले. खरेदीदार हरखण्याऐवजी बिचकले, तेव्हा मुख्य कथा सुमारे २० तासांची आणि उपकथानकांसह सुमारे ८० तासांची आहे, असा खुलासा करावा लागला. म्हणजे त्या मोठ्या आकड्याचा फार थोडा भाग कथेचा होता.

तिसरे कारण जास्त खटकते, कारण त्यात कंटाळ्यावरचा उतारा विकायला ठेवलेला असतो. २०१८ च्या ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’मध्ये कथेतल्या मोहिमांना पातळीची अट आहे. पातळी कमी असेल तर शत्रूला केलेली इजा नगण्य ठरते, म्हणून बाजूची कामे करून अनुभवाचे गुण कमवावे लागतात. त्याच गेमच्या दुकानात हे गुण कायमचे ५० टक्के जास्त मिळवून देणारी सोय खऱ्या पैशात मिळत होती. पूर्ण किंमत मोजलेल्या, एकट्याने खेळायच्या गेममध्ये अशी वस्तू दिसली की मधला रस्ता मुद्दाम लांबवला आहे का, ही शंका घेणे रास्तच.

त्यामुळे विकत घेण्यापूर्वी गेममधल्या दुकानाची यादी पाहणे ही पहिली तपासणी. दुसरी, हाउ लाँग टू बीट या संकेतस्थळावरचे आकडे. तिथे फक्त कथा, कथा आणि बाजूची कामे, आणि सगळे काही, असे तीन वेगळे वेळ दिलेले असतात. पहिल्या आणि तिसऱ्यातले अंतर मोठे असणे वाईट नाही. बाजूचे सोडून देता येत असेल तर ते बोनस समजावे. चिंता पहिल्या आकड्याची करावी, कारण सक्तीचे भरताड तिथे लपते. लोकांनी सांगितलेला कथेचा वेळ आणि ‘मधे दहा तास काहीच घडत नाही’ ही तक्रार एकत्र दिसली तर सावध व्हावे.

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक अचीव्हमेंट, म्हणजे ठरावीक टप्पा गाठल्याची नोंद, किती टक्के खेळाडूंनी मिळवली ते दिसते. समजा पहिल्या प्रकरणाची ८० टक्क्यांनी मिळवली, मध्यावरची ३० टक्क्यांनी आणि शेवटची २५ टक्क्यांनी. याचा अर्थ मध्य ओलांडलेले बहुतेक जण शेवटपर्यंत गेले, पण मध्यापर्यंत पोहोचण्याआधीच निम्म्याहून अधिक गळाले. पाणी घातले असेल तर पहिला संशय तिथेच घ्यावा. गळती कमी-अधिक सगळ्याच गेममध्ये असते, म्हणून हा उतार त्याच प्रकारच्या दुसऱ्या गेमशी ताडून पाहावा, एकट्या आकड्यावर विसंबू नये.

परीक्षणे वाचताना लिहिणाऱ्याच्या खेळण्याचे तास पाहावेत. तीस-चाळीस तासांनंतर लिहिणारा माणूस पात्रांची नावे आणि अडकवणारे प्रसंग सांगतो आहे, की नुसते ‘नकाशावर खूप काही आहे’ म्हणतो आहे, हा फरक बरेच सांगून जातो. विनासंपादित चित्रफीत पाहायची तर सुरुवात सोडून पंधराव्या तासाजवळचा अर्धा तास पाहावा आणि त्यातली किती मिनिटे नुसती चिन्हापासून चिन्हापर्यंत चालण्यात गेली ते मोजावे.

सुरुवात सोडण्याचे कारण असे की पहिले तास सर्वांत घासूनपुसून बनवलेले असतात. स्टीम खरेदीनंतर १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत घेते, पण भरताड त्या दोन तासांत बहुधा दिसतच नाही. तांत्रिक बिघाडासाठी ही सोय चांगली, या कामासाठी अपुरी. आणि परीक्षणाची तारीख जरूर पाहावी. ‘शॅडो ऑफ वॉर’चा शेवटचा भाग २०१७ मध्ये रटाळ लढायांमुळे बदनाम झाला होता. २०१८ मध्ये निर्मात्यांनी त्यातली खऱ्या पैशांची बाजारपेठ काढून टाकली आणि त्या लढायाही आटोपशीर केल्या. आज तो घेणाऱ्याला २०१७ चे परीक्षण वेगळ्याच गेमविषयी सांगते.