लाट मंदावते, म्हणूनच उंच होते

३० जुलै २०२५ ला, आपल्याकडे पहाट असताना, रशियातल्या कामचटकाजवळ ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला. सकाळी आमच्या गावच्या पानठेल्यावरच्या टीव्हीत निवेदक ओरडत होता, "ताशी आठशे किलोमीटरच्या वेगानं लाट किनाऱ्यावर आदळणार!" निंदणाला निघालेल्या बायाही क्षणभर थांबल्या. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातून कुठलाही समुद्र शेकडो किलोमीटर लांब, पण नववीतल्या एका पोरानं वर्गात नेमकं विचारलं, "सर, येवढ्या जोरात येते तं मंग लोक पयतात कसे?"

निवेदकाचा आकडा खोटा नव्हता, जागा चुकली होती. त्सुनामीचा तो वेग भर समुद्रातला. वेग काढायचा तर खोलीला (मीटरमध्ये) ९.८ ने गुणायचं आणि वर्गमूळ घ्यायचं. ४,००० मीटर खोलीवर उत्तर येतं सेकंदाला १९८ मीटर, म्हणजे ताशी साधारण ७१० किलोमीटर. १० मीटर खोलीवर तेच उत्तर ताशी ३६ किलोमीटर.

तळाशी घासून लाट मंदावते, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण या हिशेबात घर्षण कुठेच नाही. मग खोलीचा संबंध काय?

वाऱ्यानं उठणारी लाट वरच्यावर असते. थोडं खाली गेलं की पाणी शांत. त्सुनामीच्या दोन माथ्यांमधलं अंतर मात्र दोन-अडीचशे किलोमीटर असू शकतं. त्यापुढे चार किलोमीटरचा समुद्र म्हणजे परातीतलं पाणी. म्हणून या लाटेत पृष्ठभागापासून तळापर्यंतचं सगळं पाणी एकत्र पुढे-मागे सरकतं.

आता शेततळं खोदताना हातोहात घमेली देणाऱ्या मजुरांच्या रांगा आठवा. पाण्याचा प्रत्येक थर म्हणजे एक रांग. लाटेच्या उताराचा रेटा सगळ्या थरांना सारखाच बसतो, त्यामुळे प्रत्येक रांग सारख्याच जोमानं काम करते. चार हजार रांगा असतील तर पुढचा ढीग बघता बघता भरतो. दहाच असतील तर वेळ लागतो. लाट पुढे जाते म्हणजे काय, तर पुढच्या जागी पाण्याचा ढीग तयार होतो. तो जितक्या लवकर भरेल तितकी लाट वेगवान.

वर्गमूळ कुठून आलं? लाटेनं दुप्पट वेगानं जायचं तर पाण्याला रेटा मिळायला निम्मा वेळ आणि ढीग भरायलाही निम्माच वेळ. तूट दोनदा पडते, म्हणून खोली चौपट लागते. (इथे वर्गातली अर्धी पोरं खिडकीबाहेर बघू लागली, तुम्हीही बघितलंत तर राग नाही.)

उंचीसाठी जिनिंगवर चला. कापसाच्या गाड्या मोकळ्या रस्त्यावर लांब लांब अंतरानं धावतात. फाटकाजवळ पुढची मंदावते, मागची अजून वेगात असते, अंतर आटतं. दर मिनिटाला येणाऱ्या गाड्या तितक्याच, पण रस्त्यावर दाटी. लाटेचंही तसंच. वीस मिनिटांनी एक माथा येत असेल, तर ४,००० मीटरवर दोन माथ्यांत जवळजवळ २४० किलोमीटर अंतर असतं आणि १० मीटरवर फक्त १२. तेवढ्यात तीच ऊर्जा मावायची. वेग विसावा भाग झाला, म्हणून जागेमागे ऊर्जा वीसपट. ऊर्जा उंचीच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून उंची वीसच्या वर्गमुळाइतकी, साडेचारपट.

२६ डिसेंबर २००४ च्या सुमात्रा भूकंपानंतर सुमारे दोन तासांनी जेसन-१ उपग्रह हिंदी महासागरावरून गेला, तेव्हा त्याला लाटेची उंची साधारण ६० सेंटीमीटर दिसली. असं पाणी कित्येक मिनिटांत हळूहळू चढतं. वरच्या जहाजाला पत्ताही लागत नाही. ती लाट ४,००० मीटरवर होती असं धरलं, तर १० मीटर खोलीवर ती पावणेतीन मीटरच्या आसपास जाते. त्यापुढे हे गणित थकतं. लाट फुटते, निमुळत्या खाडीत पाणी आणखी चढतं, आणि तळ एकदम उंचावत असेल तर काही ऊर्जा मागेही फिरते.

त्या दिवशी पौर्णिमा होती, म्हणून तिच्यावर खापर फोडणारे आजही भेटतात. पौर्णिमा वर्षाला बारा-तेरा येतात, आणि समुद्राचा तळ उचलला गेला होता तो भूकंपानं.

राहिला पोराचा प्रश्न. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे शंभर मीटर दहा सेकंदांत. ऑलिम्पिकचा धावपटू तेवढ्यापुरता बरोबरीनं पळेल, पुढे दमेल. लाट समोर दिसल्यावर पळून भागत नाही. लांबच्या किनाऱ्यावरचे लोक वाचतात ते खोल समुद्र पार करायला तिला लागणाऱ्या तासांमुळे, आणि तेही इशारा वेळेत पोचला तर. शिवाय ती एका लोंढ्यात संपत नाही. मागे काही किलोमीटर पाणी दाटीनं उभं असतं आणि दहा-दहा मिनिटं आत घुसत राहतं.