1.20 तास आणि 1 तास 20 मिनिटं: दिसायला जुळे, उत्तरं वेगळी

वेग-वेळ-अंतराची गणितं करताना 5/18 नं गुणायचं की 18/5 नं यावर सगळे डोकं फोडतात. खरं तर तो घोळ लगेच पकडता येतो, कारण 72 किमी प्रति तासाचे उलटं गुणून 259 मीटर प्रति सेकंद आले की कुठली ट्रेन एवढी पळते हे आपल्यालाच कळतं (बरोबर उत्तर 20). मार्क जातात ते या पॉइंटवाल्या वेळेत.

आता हे बघा. गाडीचा स्पीड 60 किमी प्रति तास, ती 1 तास 20 मिनिटं चालली, तर अंतर किती? घाईत आपण 60 × 1.20 करतो आणि 72 लिहून मोकळे. आकडा कसा गोल छान आलाय, शंका यायला जागाच नाही, आणि पेपर काढणाऱ्यानं पर्यायांत 72 ठेवला असेल तर संपलंच. पण 1.20 तास म्हणजे एक तास आणि तासाचा पाचवा भाग, म्हणजे 1 तास 12 मिनिटं. आपण 8 मिनिटं खाल्ली आणि तेवढ्यात गाडी 8 किमी पुढे गेली, म्हणून खरं उत्तर 80.

मुळात दोष आपल्या सवयीचा आहे. सकाळी साडेनऊ आपण 9.30 असेच लिहितो ना, तिथे तो पॉइंट फक्त तास आणि मिनिटं वेगळी दाखवायला असतो. गणितातला पॉइंट मात्र दहाच्या हिशोबात चालतो आणि तासाची मिनिटं साठ. म्हणून मिनिटांना आधी 60 नं भागा: 20/60 म्हणजे 1/3, एकूण 4/3 तास, आणि 60 × 4/3 = 80. अपूर्णांकच ठेवा हं, 1.33 केलंत तर 79.8 येईल आणि पर्यायांत शोधत बसाल.

उलट्या बाजूनंही हेच होतं. 90 किमी अंतर, स्पीड 40, गाडी 9.30 ला सुटली, तर कधी पोचेल? भागाकार 2.25 येतो आणि बरेच जण 2 तास 25 मिनिटं धरून 11.55 लिहितात. इथे आपली मराठी कामाला येते, 2.25 तोंडानं वाचा, सव्वादोन तास, म्हणजे 2 तास 15 मिनिटं, गाडी 11.45 ला पोचते. पावणेतीन, अडीच, दीड यांनाही हीच युक्ती चालते, बाकी आकड्यांना पॉइंटनंतरचा भाग 60 नं गुणायचा, जसं 2.4 मध्ये 0.4 × 60 = 24 मिनिटं.

गंमत म्हणजे उत्तर 2.75 आलं की कोणीच 2 तास 75 मिनिटं लिहीत नाही, हात आपोआप थांबतो. फसवतात ते साठच्या आतले.