भीतिवाचक शब्द आणि त्यांची तीव्रता

मराठीत भीती सांगणारे शब्द धाकधुकीपासून गर्भगळीत होण्यापर्यंत पसरलेले आहेत. कोशांत त्यांचे अर्थ बहुतेक 'भिणे', 'घाबरणे' असेच दिलेले असतात. त्यामुळे हे शब्द एकमेकांच्या जागी चालतील असे वाटते, पण ते चालत नाहीत. प्रत्येक शब्द भीती किती आहे हे सांगतोच. शिवाय ती कशाने आली, किती वेळ टिकली आणि शरीराचे काय झाले, यांपैकी एखादी गोष्टही तो सांगून जातो.

तीव्रता ओळखण्याची सोपी कसोटी म्हणजे शब्दाच्या आधी 'थोडी' किंवा 'जरा' लावून पाहणे. 'थोडी धाकधूक', 'जराशी धास्ती', 'थोडी भीती' हे सगळे सहज बोलले जाते. 'थोडा गर्भगळीत झाला' किंवा 'जराशी बोबडी वळली' मात्र थट्टेतच शोभेल. शिखरावरच्या शब्दांना कमीजास्त करता येत नाही. त्यांना 'पार', 'पुरता', 'अक्षरशः' असे टोक गाठल्याचे सांगणारे शब्दच मानवतात. ज्या प्रसंगाबद्दल लिहिणाऱ्यालाच 'थोडे' म्हणावेसे वाटते, तिथे वरच्या पायरीचा शब्द बसणार नाही.

खालच्या पायरीवर धाकधूक, दडपण, काळजी आणि धास्ती येतात. धाकधुकीत निकाल लागलेला नसतो. चांगले घडण्याची आशाही तिच्यात मिसळलेली असते, म्हणून परीक्षेच्या निकालाची धाकधूक असते. नापास झाल्याचे कळल्यावर ती उरत नाही. दडपण एखादे काम अंगावर घेतल्यावर येते, उदाहरणार्थ भाषणापूर्वी किंवा मुलाखतीपूर्वी. धास्तीत आशेचा भाग जवळजवळ नसतो. वाईटच घडणार अशी मनाची खात्री होत आलेली असते.

काळजी आणि भीती यांच्यात तीव्रतेखेरीज आणखी एक फरक आहे आणि शिकणाऱ्यांची गल्लत इथेच होते. 'मुलाची काळजी वाटते' म्हणजे मुलाला काही होईल असे वाटते. 'मुलाची भीती वाटते' म्हणजे मुलगाच धोकादायक वाटतो. 'ची' तोच, पण पहिल्या वाक्यात ज्याला धोका आहे तो येतो आणि दुसऱ्यात ज्याच्यापासून धोका आहे तो. 'मुलाची धाकधूक' म्हटले तर ती मुलाच्याच मनातली ठरते. म्हणून आजारी माणसाबद्दल तीव्र भावना सांगायची असेल, तर 'त्याची भीती वाटते' असे न म्हणता 'त्याच्या जिवाची भीती वाटते' किंवा 'त्याचा घोर लागला आहे' असे म्हणतात.

मधल्या पट्ट्यात भीती, घाबरणे, धडकी भरणे आणि भेदरणे हे शब्द आहेत. 'भीती वाटते' मधल्या 'वाटणे' मुळे विधान मऊ होते. 'मला भीती वाटते की उशीर होईल' यात खरी भीती असतेच असे नाही. 'मी घाबरलो' यात ती पळवाट नाही, भीती येऊन गेल्याचे ते सरळ सांगते. धडकी भरते ती बहुधा काही पाहून किंवा ऐकून, आणि त्या गोष्टीच्या आकाराने. भेदरणे लहान मुलाला किंवा एकट्या पडलेल्या माणसाला जास्त शोभते, कारण त्या शब्दात असहायता आहे. धाक आणि दहशत या बाजूच्या फांद्या आहेत. दोन्ही दुसऱ्या कुणाच्या तरी सत्तेतून येतात. धाकाने माणूस शिस्तीत राहतो, दहशतीने तोंड उघडत नाही.

वरच्या पायरीवर शरीर बोलते आणि म्हणूनच तिथे शब्द नीट पारखावा लागतो. बोबडी वळते तेव्हा शब्द फुटत नाही. त्यामुळे जो प्रसंगात नीट बोलत होता, त्याची बोबडी वळली असे लिहिता येत नाही. थरकाप उडाला तर अंग कापते, हातपाय गळाले तर त्यांतली शक्ती जाते, आणि थिजला किंवा जागच्या जागी खिळला तर हालचालच थांबते. 'भीतीने थिजून तो सैरावैरा पळत सुटला' हे वाक्य म्हणून फसते. धोका समोर येताच आधी क्षणभर थिजणे आणि नंतर पळणे हा क्रम खराच आढळतो, पण लिहिताना दोन्हींच्या मध्ये भानावर येण्याचा क्षण ठेवावा लागतो. गाळण उडणे याच्या उलट आहे. त्यात धावपळ आणि गोंधळ असतो, म्हणून ते जमावाला किंवा सैन्याला चांगले बसते. पाचावर धारण बसणे याच्या मुळाशी धान्याचा दर असल्याचे सांगतात. आज तो हिशोब कुणाच्या ध्यानात नसतो, पण वाक्प्रचाराचे वजन मात्र टिकून आहे.

कालावधीही पाहावा लागतो. दचकणे क्षणाचे असते, 'तासभर दचकला' असे होत नाही. धसका याउलट प्रसंग संपल्यावरही राहतो.

एकच प्रसंग घेतला तर हे स्पष्ट होते. एक बाई लिफ्टमध्ये एकटी आहे आणि लिफ्ट दोन मजल्यांमध्ये थांबते. झटका बसतो त्या क्षणी ती दचकते. आता सुरू होईल, मग होईल, अशी वाट पाहताना तिला धाकधूक वाटते. धोक्याची घंटा दाबूनही उत्तर येत नाही आणि फोनला रेंज नाही, तेव्हा धास्ती वाटू लागते. दिवा जातो, ती घाबरते. मग लिफ्ट अचानक थोडी खाली घसरते. त्या क्षणी काळजात धस्स होते आणि ओरडायला गेली तरी आवाज फुटत नाही, म्हणजे बोबडी वळते. सुटका झाल्यावर ती काही महिने जिन्यानेच जाते, कारण तिने लिफ्टचा धसका घेतला आहे. हेच वर्णन 'लिफ्ट थांबताच ती गर्भगळीत झाली' असे सुरू केले, तर घसरण्याच्या क्षणासाठी शब्दच उरत नाही. मग लेखक उद्गारचिन्हे वाढवत बसतो.

बातम्यांत नेमके हेच होते. 'धाबे दणाणले' हे शब्द इतक्या साध्या कारवायांना लावले जातात की ते वाचून कुणी थबकत नाही. तो वाक्प्रचार ज्याचे काही उघडे पडणार आहे किंवा हातचे जाणार आहे अशालाच लागू पडतो. पुरात सापडलेल्या गावकऱ्यांचे धाबे दणाणले असे म्हणणे कानाला खटकते, त्यांच्या तोंडचे पाणी पळते. उलट चूकही होते, विशेषतः औपचारिक लेखनात. आगीतून वाचलेल्यांना 'चिंता वाटली' असे लिहिले की प्रसंगच खोटा वाटतो.

टरकणे, तंतरणे आणि त्याहून रांगडे फाटणे हे शब्द अर्थाने वरच्या पायरीचे आहेत, पण त्यांत हसू मिसळलेले असते. मित्राची फजिती सांगताना ते चपखल बसतात. तीच भीती पोलिसांना किंवा डॉक्टरांना सांगताना हे शब्द वापरले, तर ऐकणारा ती हलक्यात घेण्याची शक्यता असते. डॉक्टरांपुढे तर तीव्रतेच्या शब्दापेक्षा 'छाती धडधडते, घाम फुटतो, दहा मिनिटांनी ओसरते' असे लक्षण आणि वेळ सांगणे जास्त उपयोगी पडते. फोबिया किंवा भयगंड हा शब्दही ज्या भीतीमुळे रोजचे व्यवहार टाळावे लागतात तिच्यासाठीच राखून ठेवावा. झुरळ पाहून किंचाळणाऱ्या प्रत्येकाला तो लावणे बरोबर नाही.