गाडीचोरीच्या एफआयआरची कॉपी हातात आली की आधी तारखा वाचा

माझ्याकडे टू-व्हीलर चोरीचा इन्शुरन्स क्लेम भरायला लोक येतात, आणि दर वेळी तेच, एफआयआरची कॉपी फाइलला लावलेली असते पण घरात कुणी ती वाचलेली नसते. मग दोन महिन्यांनी कंपनीचं पत्र येतं की फॉर्ममधली तारीख आणि एफआयआरमधली तारीख जुळत नाही. म्हणून मागच्या वर्षीची एक केस घेऊनच सांगतो.

मुलाने वडिलांच्या नावावरची गाडी 11/09/2025 ला, गुरुवारी रात्री साडेदहाला बिल्डिंगखाली लावली, शुक्रवारी सकाळी साडेसहाला पाहिलं तर जागेवर नाही. त्याच सकाळी तो पोलीस स्टेशनला गेला, त्याला सांगितलं दोन दिवस आजूबाजूला शोधा मग या, आणि गुन्हा दाखल झाला रविवारी 14 तारखेला दुपारी. कॉपीवर सगळ्यात वर, गुन्हा रजिस्टर नंबरच्या शेजारी, 14/09/2025 दिसते आणि त्यांनी क्लेम फॉर्ममध्ये चोरीची तारीख म्हणून तीच टाकली. ती गुन्हा नोंदवल्याची तारीख आहे हो, चोरीची नाही. चोरीची तारीख रकाना 3 मध्ये असते, "पासून" आणि "पर्यंत" अशी, इथे 11/09 चे 22:30 ते 12/09 चे 06:30. रात्री बारा वाजता तारीख बदलते त्यामुळे दोन तारखा येणारच, त्यात चूक काही नाही, फॉर्ममध्येही दोन्ही लिहायच्या. त्याच रकान्यात खाली पोलीस ठाण्यात खबर कधी मिळाली ते आणि स्टेशन डायरीचा नोंद नंबर असतो.

आता रकाना 8, तक्रार द्यायला उशीर का झाला. हा बऱ्याचदा कोरा असतो आणि कंपनी नेमकं तिथेच बोट ठेवते. दोन दिवस शोधायला सांगितलं होतं हे तुम्ही जबाबात बोललाच नाहीत तर ते कागदावर कसं येणार? पहिल्यांदा पोलीस स्टेशनला कधी गेलात ती तारीख आणि वेळ जबाबात लिहून घ्या असा आग्रह धरा, नुसतं "शोध घेतला, मिळून आली नाही" एवढ्यावर सही करू नका.

कलमांचं लोक उगाच टेन्शन घेतात. रकाना 2 मध्ये भारतीय न्याय संहिता आणि 303(2) असेल तर ती साधी चोरी, पूर्वीचं आयपीसी 379. ही नवी संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली, त्याच्या आधीची घटना असेल तर नंतर गुन्हा दाखल झाला तरी तिथे आयपीसीच दिसेल, त्यामुळे जुनं कलम बघून घाबरू नका. मात्र कागदावर "अदखलपात्र" किंवा एनसी लिहिलंय का ते बघा, कारण एनसी म्हणजे एफआयआर नव्हे, आणि "हरवल्याचा दाखला" तर त्याहून नाही. क्लेमला हे दोन्ही कागद लावून परत आलेले लोक मी पाहिलेत, फार वाईट वाटतं.

रकाना 6 म्हणजे फिर्यादी. या केसमध्ये तिथे मुलाचं नाव, आरसीवर वडिलांचं. खबर कुणीही देऊ शकतो, त्यामुळे हे चालतं, पण रकाना 12 मध्ये जी हकीकत असते तिथे "माझे वडील यांच्या नावे असलेली" हे शब्द हवेत, नाहीतर दोघांचा संबंध काय हे सिद्ध करत बसावं लागतं. फिर्यादीचा मोबाइल नंबर आणि पत्ताही तपासा, पुढचा संपर्क त्यावरच होतो. रकाना 7 मध्ये आरोपी "अज्ञात" असतो, तो ठीकच आहे.

सगळ्यात महागात पडते ती चेसिस नंबरमधली चूक. सतरा अक्षरं-आकडे असतात, आरसी शेजारी ठेवून एकेक अक्षरावर बोट ठेवून वाचा. या केसमध्ये 8 च्या जागी B टाइप झाला होता. दाखल झालेली एफआयआर खोडून दुरुस्त होत नाही, तपासी अंमलदाराला आरसीची झेरॉक्स जोडून लेखी अर्ज द्यायचा आणि पुरवणी जबाब नोंदवून घ्यायचा. त्याची प्रत क्लेमला एफआयआरसोबत लावायची. यांचं काम असंच झालं, पण तीन फेऱ्या मारून.

कॉपी फिर्यादीला फुकट मिळते, कायद्यातच आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता कलम 173(2). गाडी सापडली नाही तर पुढे कोर्टाचा "अ समरी" मंजुरीचा, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही असा कागद लागतो, तो वेगळा. आणि पोलीस स्टेशनमध्ये सहीसाठी कागद पुढे केला की तिथेच दहा मिनिटं मागून घ्या, तारखा आणि चेसिस नंबर एवढं तरी वाचा आणि मगच रकाना 14 मध्ये सही करा, कारण सहीच्या आधी ती चूक ठाणे अंमलदार कॉम्प्युटरवर लगेच दुरुस्त करून देतात.