थिऑसॉफी आणि प्राच्यविद्या: सिलोनच्या बौद्ध जागृतीत कोणाचा वाटा कोणता?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन प्रकारचे पाश्चात्य लोक आशियातले धर्मग्रंथ उघडून बसले होते. एक प्राच्यविद्येचे अभ्यासक: मॅक्स म्यूलर, ऱ्हिस डेव्हिड्स. दुसरे थिऑसॉफिस्ट: हेलेना ब्लॅव्हॅट्स्की, कर्नल ऑल्कॉट. दोघांनीही पूर्वेच्या धर्मांबद्दल आदराने लिहिलं, म्हणून आपल्याकडे त्यांची नावं एका दमात घेतली जातात आणि ‘पाश्चात्यांनी आपल्या ग्रंथांची किंमत ओळखली’ असं एकच वाक्य दोघांना लावलं जातं. पण दोघांचं काम वेगळं होतं आणि पुष्कळदा परस्परांच्या विरोधात जाणारं होतं. सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, हे सर्वांत स्पष्ट दिसतं.

टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स १८६४ मध्ये सिलोनच्या मुलकी सेवेत दाखल झाले. तिथे ते यात्रामुल्ले उन्नान्से या भिक्षूंकडे पाली शिकले. पुढे त्यांची नोकरी गेली, ते इंग्लंडला परतले आणि १८८१ मध्ये त्यांनी पाली टेक्स्ट सोसायटी काढली. काम एकच: ताडपत्रांवरच्या हस्तलिखितांच्या प्रती मिळवायच्या, पाठभेद नोंदवायचे, ग्रंथ छापायचा आणि मग भाषांतर करायचं. इथे कोणत्याही विधानाला ‘हे कुठल्या पोथीत आहे?’ हा प्रश्न विचारता येतो आणि उत्तर पानावर दाखवावं लागतं.

थिऑसॉफिकल सोसायटी १८७५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली. तिचा दावा असा की सगळ्या धर्मांच्या मुळाशी एकच प्राचीन गुप्त ज्ञान आहे आणि ते आजही काही महात्म्यांनी जपून ठेवलं आहे. आपण या महात्म्यांच्या संपर्कात आहोत, असं ब्लॅव्हॅट्स्की सांगत. म्हणजे इथे प्रमाण पोथी नव्हे, गुरू. आणि तो गुरूही इतरांना तपासता न येणारा. ब्लॅव्हॅट्स्की आणि ऑल्कॉट फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत उतरले, गिरगावात राहिले, तिथूनच त्यांनी मासिक सुरू केलं. मद्रासच्या अड्यारला मुक्काम हलला तो १८८२ च्या अखेरीस.

हा फरक चव्हाट्यावर आला तो १८९३ मध्ये. ‘गूढ बौद्ध धर्म’ या थिऑसॉफीच्या लाडक्या कल्पनेवर मॅक्स म्यूलर यांनी एका लेखात हल्ला चढवला: बौद्ध धर्मात अशी गुप्त शिकवण मुळात नाहीच. पाली ग्रंथ त्यांच्याच बाजूने आहेत. महापरिनिब्बान सुत्तात बुद्ध आनंदाला स्पष्ट सांगतात की धर्माच्या बाबतीत आपण आचार्याची मूठ झाकून ठेवलेली नाही. ग्रंथाच्या कसोटीवर या वादात मॅक्स म्यूलर यांचीच बाजू खरी, असं मला वाटतं.

मग वसाहतीतल्या बौद्धांना प्रत्यक्षात कोण उपयोगी पडलं? इथे मात्र उत्तर उलटं येतं.

सिलोनमध्ये शाळा मिशनऱ्यांच्या हातात होत्या, सरकारी अनुदान त्यांना मिळत होतं आणि इंग्रजी शिकल्याशिवाय नोकरी नव्हती. प्रतिकार आधीच सुरू झाला होता. मिगेट्टुवत्ते गुणानंद या भिक्षूंनी १८६० च्या दशकात स्वतःचा छापखाना उभा केला होता. १८७३ मध्ये पाणदुरा इथे हजारो लोकांसमोर त्यांनी पाद्र्यांशी जाहीर वाद घातला. त्याच वर्षी हिक्कडुवे सुमंगल यांनी कोलंबोत विद्योदय परिवेण हे विद्यापीठ सुरू केलं. पाणदुऱ्याच्या वादाचा इंग्रजी वृत्तांत अमेरिकेत छापला गेला, तो ऑल्कॉटच्या वाचनात आला आणि तिथून त्याचा सिलोनशी पत्रव्यवहार सुरू झाला. म्हणून ‘ऑल्कॉटने बौद्ध धर्म जागा केला’ हे विधान चुकीचं आहे. तो आला तेव्हा घर जागंच होतं.

मे १८८० मध्ये ऑल्कॉट आणि ब्लॅव्हॅट्स्की गॉलला उतरले आणि त्यांनी जाहीरपणे पंचशील ग्रहण केलं. राज्यकर्त्यांच्या वर्णाचा माणूस भिक्षूंपुढे हात जोडून बसला आहे, हे दृश्य तिथल्या लोकांवर केवढा परिणाम करून गेलं असेल! पण ऑल्कॉटचं खरं कौशल्य पुढे दिसलं. तो वकील होता, अमेरिकेच्या यादवी युद्धात त्याने लष्करी भ्रष्टाचाराचे तपास केले होते. संस्था कशी चालवायची हे त्याला ठाऊक होतं. त्याने बुद्धिस्ट थिऑसॉफिकल सोसायटी काढली, बैलगाडीतून गावोगाव फिरून शिक्षणनिधी जमवला. १८८६ मध्ये कोलंबोत सुरू झालेली इंग्रजी शाळा पुढे आनंद कॉलेज झाली. त्याआधी, १८८४ मध्ये, तो बौद्धांची गाऱ्हाणी घेऊन लंडनला गेला आणि १८८५ पासून वेसाकची, म्हणजे बुद्धपौर्णिमेची, सार्वजनिक सुट्टी मिळाली. सरकारनेही अडथळे आणले: अनुदानित शाळेपासून पाव मैलाच्या आत नवी शाळा काढली तर तिला अनुदान नाही, असा नियम आला. मिशनच्या शाळा जुन्या आणि वस्तीत होत्या, त्यामुळे त्याचा फटका कोणाला बसला ते उघड आहे.

मात्र शिकवणीच्या बाबतीत ऑल्कॉटला मोकळीक नव्हती, आणि मला यातला सर्वांत बोलका प्रसंग हाच वाटतो. १८८१ मध्ये त्याने शाळांसाठी प्रश्नोत्तररूपात बौद्ध धर्माची पुस्तिका लिहिली. रचना ख्रिस्ती प्रश्नोत्तरीची, मजकूर बौद्ध. ती सुमंगलांपुढे वाचली गेली तेव्हा निर्वाणापाशी गाडी अडली. निर्वाणात कुठलंसं आत्मतत्त्व उरतं की नाही, याबद्दल बौद्ध पंडितांत मतभेद आहेत, असं ऑल्कॉटने लिहिलं होतं. दक्षिणेकडच्या बौद्धांत असा मतभेदच नाही, हे सुमंगलांनी ठामपणे सांगितलं आणि तो भाग काढल्याशिवाय संमती द्यायला नकार दिला. ऑल्कॉटला माघार घ्यावी लागली. काही तरी टिकून राहतं, ही थिऑसॉफीची आवड त्या वाक्यातून आत शिरत होती. पाली जाणणाऱ्या भिक्षूने ती दारातच रोखली.

म्हणून एखादं जुनं पुस्तक हाती आलं की मी एकच गोष्ट बघतो. लेखक ‘सर्व धर्मांच्या आतलं खरं रहस्य’ सांगतो आहे, की अमुक सुत्त, अमुक पाठ दाखवतो आहे? पहिला थिऑसॉफीच्या वाटेवरचा, दुसरा प्राच्यविद्येच्या. अर्थात सीमारेषा सगळीकडे स्वच्छ नाही. थिऑसॉफिस्टांनीच १८८६ मध्ये अड्यारला ग्रंथालय सुरू केलं आणि तिथे हस्तलिखितांचा मोठा, गंभीर संग्रह झाला. शिवाय सिलोनच्या बौद्ध चळवळीचे पुढचे नेते अनागारिक धर्मपाल यांना पाली शिकायला सांगितलं ते ब्लॅव्हॅट्स्कींनीच.

धर्मपाल आधी ऑल्कॉटचे दुभाषे म्हणून गावोगाव फिरले. १८९१ मध्ये बोधगयेतली दुरवस्था पाहून त्यांनी महाबोधी सोसायटी काढली. पुढे दोघे दुरावले. ऑल्कॉटला सगळे धर्म एकाच सत्याची रूपं वाटत होते. धर्मपालांना बौद्ध धर्म हवा होता, बौद्ध म्हणून. पाहुण्याची मदत घेऊन उभी राहिलेली चळवळ अशा रीतीने त्याच्या तत्त्वज्ञानापासून वेगळी झाली.

सुमंगलांच्या त्याच विद्योदय परिवेणात १९०२ मध्ये गोव्यातल्या सांखवाळचा एक तरुण येऊन दाखल झाला, तो धर्मानंद कोसंबी. तिथे ते पाली शिकले, नंतर हार्वर्डमध्ये विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथाच्या संपादनाला लागले, आणि पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवली. त्यांच्यापर्यंत पोचलेली वाट महात्म्यांच्या पत्रांतून नव्हे, तर भिक्षूंच्या पाठशाळेतून आणि हस्तलिखितांतून आली होती.